ताप गेला, डाग अजून आहे: न्यूमोनियानंतर घरी आल्यावरचे सहा आठवडे

*माझे सासरे ६६ वर्षांचे. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला म्हणून ६ जानेवारीला भरती केलं, १२ तारखेला सुट्टी मिळाली. मधुमेह आहे. पंचवीस वर्षं सिगरेट ओढत होते, आठ वर्षांपूर्वी सोडली. आता ताप नाही, पण खोकला आहे आणि आंघोळ करून आले तरी दमतात. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत आहे: विश्रांती, आठवड्यानं दाखवायला या, सहा आठवड्यांनी पुन्हा छातीचा एक्स-रे, धोक्याची लक्षणं दिसल्यास लगेच या. कोणती लक्षणं, ते लिहिलेलं नाही. सासूबाई त्यांना पलंगावरून उतरू देत नाहीत. ते स्वतः म्हणतात, मी बरा आहे, उद्यापासून सकाळी फिरायला जातो. यांचं म्हणणं, बरं वाटतंय तर पुन्हा एक्स-रे कशाला? शेजारच्या २८ वर्षांच्या मुलालाही न्यूमोनिया झाला होता, त्याला कोणी सांगितला नव्हता. ८ फेब्रुवारीला वडोदऱ्याला नणंदेच्या मुलाची मुंज आहे. न्यावं का?*
*— एक सून, सुदामानगर, इंदूर*

तो कागद पुन्हा हातात घ्या आणि त्यात 'कंडिशन ॲट डिस्चार्ज' किंवा तशाच मथळ्याखालचे आकडे शोधा. ताप, नाडी, मिनिटाला श्वास किती, रक्तदाब आणि ऑक्सिजन एवढे पाच आकडे बहुतेक कागदांवर असतात. न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर साधारण असं पाहतात: ताप १०० फॅरनहाइटच्या आत, नाडी १०० च्या आत, श्वास मिनिटाला २४ च्या आत, वरचा रक्तदाब ९० च्या वर, ऑक्सिजन न लावता पातळी निदान ९०, तोंडानं खाणंपिणं चालू आणि माणूस पूर्ण शुद्धीवर. म्हणजे सुट्टीचा अर्थ एवढाच, की बाबांची तब्येत आता स्थिर आहे आणि उरलेलं बरं होणं घरी होऊ शकतं. ते उरलेलं बरं होणं बरंच मोठं असतं. हे पाच आकडे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून फ्रिजवर लावा, कारण पुढे प्रत्येक वेळी तुलना त्यांच्याशीच करायची आहे. आकडे लिहिलेले नसतील, तर आठवड्याच्या भेटीत मागून घ्या.

आता एक्स-रेबद्दल. तुमच्या घरातला खरा वाद तिथेच आहे.

न्यूमोनियात फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पू, पाणी आणि मेलेल्या पेशींनी भरतात. हवा काळी दिसते आणि भरलेला भाग पांढरा, म्हणून फिल्मवर 'पॅच' दिसतो. औषधानं जंतू काही दिवसांत मरतात, ताप उतरतो, भूक परत येते. पण पिशव्यांत साचलेला गाळ तिथेच असतो. तो शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशींना कणाकणानं उचलून न्यावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. त्यामुळे माणसाला बरं वाटणं पुढे धावतं आणि फिल्म मागे राहते. पन्नाशीच्या आतल्या, एरवी निरोगी माणसाची फिल्म बहुतेकदा चार आठवड्यांत साफ होते. वय जास्त असेल, मधुमेह असेल, सिगरेटनं फुफ्फुसं आधीच दमलेली असतील, तर बारा आठवडेही लागू शकतात.

म्हणूनच एक्स-रे फार लवकर काढणं नुकसानीचं ठरतं. पंधराव्या दिवशी कुणी उत्साहानं फिल्म काढली, तर तिच्यावर पांढरा डाग असणारच. मग घरात घबराट, दुसरा डॉक्टर, आणि गरज नसताना आणखी एक तगडं प्रतिजैविक. बाबांची तब्येत सुधारत असेल, तर सहा आठवड्यांच्या आधी एक्स-रेची गरज नाही. सुट्टीच्या तारखेपासून मोजलं तर तो दिवस २३ फेब्रुवारीला येतो. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तरी चालेल. तब्येत बिघडली तर मात्र ही तारीख धरून बसू नका. तेव्हा एक्स-रे त्याच दिवशी काढला जाईल.

शेजारच्या मुलाला सांगितला नाही, यात त्याच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. तरुण, सिगरेट न ओढणारा आणि पाच-सात दिवसांत पूर्ण बरा झालेला असेल, तर पुन्हा एक्स-रे काढून हाती फारसं काही लागत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही असा सरसकट एक्स-रे काढू नका असंच सांगतात. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी मात्र काही जणांना सहा आठवड्यांनी तो काढायला सांगते: ज्यांची लक्षणं गेलेली नाहीत असे, आणि ज्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त आहे असे, विशेषतः सिगरेट ओढणारे आणि पन्नाशीपुढचे. बाबा दोन्हींत बसतात. आठ वर्षांपूर्वी सिगरेट सोडली ही फार मोलाची गोष्ट आहे, धोका त्यानं कमी झाला आहे, पण पंचवीस वर्षांचा हिशेब पूर्ण पुसला गेलेला नाही.

यामागचं कारण घरातल्यांना नीट सांगा, म्हणजे विरोध मावळेल. कधीकधी श्वासनळीत छोटी गाठ असते आणि तिच्यामुळे नळी अर्धवट बंद होते. पलीकडच्या भागातला कफ बाहेर येत नाही, तिथे जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. पहिल्या फिल्मवर न्यूमोनियाचा पांढरा डाग एवढा मोठा असतो, की त्यामागची गाठ दिसतच नाही. न्यूमोनिया ओसरल्यावर काढलेल्या फिल्मवरच ती दिसू शकते. बाबांना असं काही असेल अशी शंका घेण्याचं कारण तुमच्या पत्रात नाही. बहुतेकांची फिल्म साफच येते. पण ज्याला असं काही असतं त्याला ते फेब्रुवारीत कळणं आणि पुढच्या दिवाळीत कळणं यात उपचारांचा फार मोठा फरक पडतो. राहिला किरणांचा प्रश्न: छातीच्या एका एक्स-रेत जेवढं किरणोत्सर्जन मिळतं, तेवढं आपल्याला आसपासच्या निसर्गातून साधारण दहा-पंधरा दिवसांत मिळतच असतं. सीटी स्कॅनमध्ये ते कितीतरी पट असतं, म्हणून सीटी उगाच करत नाहीत. ही भीती साध्या एक्स-रेला लावू नका.

काढताना काही गोष्टी सांभाळा. चिठ्ठीवर 'पीए व्ह्यू' लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ उभं राहून, छाती पाटीला टेकवून, खांदे पुढे घेऊन काढायची फिल्म. भरती असताना पलंगावर मशीन आणून काढलेली फिल्म वेगळी असते. तीत हृदय मोठं दिसतं आणि श्वास पूर्ण भरलेला नसतो. त्या फिल्मशी तुलना करताना डॉक्टर हे लक्षात घेतात, पण आताची फिल्म उभ्यानंच आणि नीट व्हायला हवी. 'श्वास घ्या आणि रोखा' म्हटल्यावर बाबांना खोकला आला, तर फिल्म हलते आणि फुफ्फुसाचा तळ धूसर येतो. त्यांचा न्यूमोनिया नेमका तळाशीच होता. म्हणून आधी दोन घोट कोमट पाणी द्या, एकदा खोकून घेऊ द्या आणि मग आत पाठवा. गळ्यातली साखळी, ताईत आणि खिशातला मोबाइल बाहेर ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या फिल्मा किंवा सीडी सोबत न्या. फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही, आणि ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर काढलेला फोटो तर मुळीच नाही. फिकट डाग अशा फोटोत हरवतात.

रिपोर्ट आल्यावर काय होऊ शकतं तेही आधी माहीत असू द्या. फिल्म साफ असेल तर विषय संपला. डाग आधीपेक्षा लहान आणि फिकट झाला आहे पण पूर्ण गेलेला नाही, आणि बाबा चांगले आहेत, असं असेल तर त्यांच्या वयाला आणि मधुमेहाला ते चालण्यासारखं आहे. डॉक्टर बहुधा बारा आठवड्यांनी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणखी एक फिल्म काढायला सांगतील. डाग तसाच किंवा मोठा असेल, कडेला पाणी दिसत असेल, किंवा एखादी नवी गोल सावली असेल, तर सीटी स्कॅनची चिठ्ठी मिळेल. ती टाळू नका. 'फायब्रोटिक स्ट्रँड' असे शब्द दिसले तर लगेच घाबरू नका. भरलेली जखम जशी वण ठेवते तसाच तो वण असू शकतो, आणि जुन्या फिल्मशी जुळवून पाहिल्यावर डॉक्टर ते सांगू शकतात.

एक गोष्ट आपल्याकडे विशेष पाहावी लागते ती क्षयरोगाची, आणि मधुमेह असलेल्याला त्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. न्यूमोनियानंतरचा खोकला चार-सहा आठवडे रेंगाळतो, पण तो दर आठवड्याला थोडा कमी होत जातो. खोकला कमी व्हायचं नाव घेत नाही, संध्याकाळी अंग कोमट होतं, रात्री घामानं बनियन भिजतं, वजन उतरतं, यातलं काही दिसलं तर सहा आठवडे थांबू नका आणि थुंकीची तपासणी मागा. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा मदत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. नमुना सकाळी काही खाण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढायचा. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते. हाही एक मुद्दा औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं प्रतिजैविक न घेण्याचा आहे. खोकला जात नाही म्हणून काही दुकानदार लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी देतात. ती क्षयाच्या जंतूंनाही काही दिवस दाबते. माणसाला बरं वाटतं, निदान लांबतं आणि आजार आतून वाढत राहतो.

गोळ्या लिहून दिल्या असतील तेवढ्याच दिवस आणि तेवढ्याच घ्या. ताप नाही म्हणून दोन दिवस आधी बंद करू नका, आणि खोकला आहे म्हणून दोन दिवस वाढवूही नका. खोकला हा जंतू जिवंत असल्याचा पुरावा नसतो, तो गाळ बाहेर काढायचा शरीराचा मार्ग असतो. म्हणून खोकला पूर्ण दाबणारं औषध दिवसा देऊ नका. रात्री झोपच होत नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या. खोकताना बरगडी दुखत असेल तर लहान उशी त्या जागी घट्ट धरून खोकायला सांगा, जोर लागतो आणि दुखतं कमी. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची '६२५' ची गोळी असेल तर ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर द्या, पोट कमी बिघडतं.

विश्रांतीच्या बाबतीत सासूबाई आणि बाबा, दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतं आहे. दिवसभर आडवं राहिलं की फुफ्फुसाचा तळ दाबलेला राहतो आणि कफ तिथेच साचतो. मांडीचे स्नायू आठवड्याभरात ढिले पडतात, आणि पायांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. दुसरीकडे, पहिल्याच आठवड्यात पहाटेच्या थंडीत दोन किलोमीटर चाललं तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि घरातल्यांना वाटतं, आजार उलटला.

मधला रस्ता असा. जेवण, चहा, पेपर, टीव्ही, सगळं खुर्चीत बसून. पलंग फक्त रात्रीसाठी आणि दुपारच्या तासाभरासाठी. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच मिनिटांचं चालणं, दिवसातून चार वेळा. दमतात ती आंघोळ स्टुलावर बसून करू द्या, टॉवेलऐवजी मोठा पंचा अंगाभोवती गुंडाळून पाच मिनिटं तसंच बसू द्या. हात वर करून अंग पुसण्यातच बरीच शक्ती जाते. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, अंगणात किंवा गल्लीत, ऊन आल्यावर. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वेग ठरवायला एकच कसोटी ठेवा: चालताना बाबांना एक पूर्ण वाक्य मध्ये न थांबता बोलता आलं पाहिजे. तुमच्यापैकी कुणी सोबत चाला आणि गप्पा मारा, म्हणजे कसोटी आपोआप होत राहील. आज चालल्यानंतर उद्या सकाळी कालपेक्षा जास्त थकवा असेल, तर एक पायरी मागे या आणि तीन दिवस तिथेच राहा. सकाळच्या फिरायला जाण्याचं त्यांचं मन आहे ते चांगलंच आहे, मार्च धरून चला.

अंदाजासाठी सांगायचं तर ताप पहिल्या आठवड्यात जातो. छातीतलं दुखणं आणि कफ महिन्याभरात बराच कमी होतो. खोकला आणि दम सहा आठवड्यांत. थकवा मात्र तीन महिन्यांपर्यंत रेंगाळू शकतो, काहींना पूर्ववत व्हायला सहा महिनेही लागतात. हे आधी माहीत असलं तर फेब्रुवारीत दुपारी झोप येते म्हणून ते स्वतःवर चिडणार नाहीत आणि घरातलं कुणी त्यांना आळशी म्हणणार नाही.

रुग्णालयातून तीन रंगीत गोळ्यांचा स्पायरोमीटर दिला असेल, तर तो फुंकायचा नसतो. अनेक घरांत तो फुंकतात. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, गोळ्या वर दोन-तीन सेकंद टिकवायच्या, मग सोडायचं. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा पुरे. चक्कर आली तर थांबायचं. वाफ घेण्यानं फुफ्फुसातला गाळ वितळत नाही, ती फार तर नाक मोकळं करते. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर सांडून भाजलेले वयस्कर लोक मात्र बरेच असतात, म्हणून आम्ही तो सल्ला देत नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर द्या, साखरेशिवाय.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि तुमच्याकडे बायका येणारच. बाबांची खोली दुसरीकडे असेल तर हरकत नाही. पण सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यानं त्यांच्याजवळ बसू नये, हे संकोच न करता सांगा. उदबत्ती, धूप, कोळशाची शेगडी आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका या महिन्यात त्यांच्या खोलीपासून दूर राहू द्या. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवणं तर एरवीही जिवावर बेतू शकतं.

आता ती लक्षणं, जी कागदावर लिहिलेली नाहीत. त्यासाठी घरात थर्मामीटर, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हवा. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा.

ताप मोजायचा तो पॅरासिटामॉल देण्याआधी, नंतर नाही. श्वास मोजताना 'श्वास मोजते' असं सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघितल्यासारखा हात धरा आणि छातीचं वरखाली होणं पूर्ण साठ सेकंद मोजा. ऑक्सिमीटरसाठी आधी पाच मिनिटं बसवा, हात चोळून कोमट करा, कारण इंदूरच्या जानेवारीत गार बोटं आकडा खाली दाखवतात. आकडा अर्धा मिनिट स्थिर होईपर्यंत थांबा. त्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. घाईत नाडीचे ९६ ऑक्सिजन समजून लिहिण्याची चूक वारंवार होते, म्हणून कोणता कुठला ते यंत्रावर चिकटपट्टी लावून ठेवा.

बाबांचा सुट्टीच्या दिवशीचा आकडा समजा ९५ आहे. एकदा ९३ आला, पण पुन्हा मोजल्यावर ९५, तर काही नाही. दोन-तीनदा मोजूनही ९२ किंवा खाली राहिला, तर त्याच दिवशी रुग्णालयात. ९० च्या खाली गेला, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त झाला, ओठ निळसर दिसले, बसल्या जागी वाक्य पूर्ण करता येईना, छातीवर दाब आला, भोवळ येऊन पडले किंवा खोकल्यातून रक्ताचा गोळा आला, तर गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असेल पण माणूस धापा टाकत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

छातीवरचा दाब वेगळा सांगते आहे कारण मोठ्या न्यूमोनियानंतर काही आठवडे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, मधुमेह्यांत जास्तच. 'खोकल्यानं छाती दुखतेय' म्हणून तो अंगावर काढू नका. खोकल्याचं दुखणं बरगडीत एका जागी आणि खोकताना होतं. हृदयाचं दुखणं मधोमध दाबल्यासारखं, हातात किंवा जबड्यात जाणारं, घाम आणणारं असतं. मधुमेहात तर कधी दुखतच नाही, फक्त एकाएकी दम आणि घाम.

दुसरं लक्षण सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं: दोन-चार दिवस ताप नव्हता आणि पुन्हा १००.४ किंवा वर गेला. सोबत खोल श्वास घेतला की एका बाजूला टोचल्यासारखं दुखतं. अशा वेळी फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी किंवा पू साचला असण्याची शक्यता असते. तिथे गोळीचं औषध पुरेसं पोचत नाही. सुईनं किंवा नळीनं ते काढावं लागतं. पहिल्या दिवसांत ते पातळ असतं आणि सहज निघतं. आठवडा-दहा दिवस घरी पॅरासिटामॉल देत थांबलं तर जाळी धरून घट्ट होतं, आणि मग शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. म्हणून परतलेल्या तापाला त्याच दिवशी दाखवा, रात्री असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा तेच.

त्याच दिवशी दाखवायच्या आणखी काही गोष्टी: श्वास मिनिटाला २५ च्या वर स्थिरावणं, कफात रक्ताच्या रेषा, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं (सोबत दम वाढला तर थेट १०८), दिवसात तीनपेक्षा जास्त पाण्यासारखे जुलाब. प्रतिजैविकांमुळे आतड्याचा एक विशिष्ट संसर्ग होऊ शकतो, म्हणून जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका. आजारात साखर वाढते, रुग्णालयात स्टेरॉइड दिलं असेल तर आणखी. लागोपाठ दोनदा ३०० च्या वर आली किंवा जेवण कमी होऊन ७० च्या खाली गेली, तर मधुमेहाच्या औषधाचं प्रमाण विचारून घ्या.

आणि वयस्कर माणसात ताप न येताही न्यूमोनिया उलटू शकतो. बाबा नेहमीपेक्षा जास्त झोपतात, वार विसरतात, नातवाला दुसऱ्याच नावानं हाक मारतात, जेवणाचं ताट तसंच राहतं. याला वयाचा परिणाम समजू नका. काल नव्हतं आणि आज आहे, तर तपासणी आजच. गोंधळलेल्या किंवा उठवल्यावरही सुस्त असणाऱ्या माणसासाठी १०८.

१९ जानेवारीच्या भेटीला वही, उरलेल्या गोळ्या आणि फिल्मा न्या. न्यूमोकोकल आणि फ्लूची लस केव्हा द्यायची तेही तेव्हाच विचारा. ही लस आजारपण ओसरल्यावर देतात, एक्स-रेच्या भेटीशी बहुधा जुळवता येईल. त्या डॉक्टरांनी बाबांना प्रत्यक्ष तपासलं आहे, म्हणून इथलं काही त्यांच्या सांगण्याशी जुळत नसेल तर त्यांचं ऐका.

मुंजीला न्यायचं की नाही हे ५-६ फेब्रुवारीला ठरवा. तोपर्यंत ताप पूर्ण गेलेला असेल, घरात पंधरा मिनिटं न थांबता चालता येत असेल, एक जिना चढून वर आल्यावर ऑक्सिजन सुट्टीच्या आकड्यापेक्षा चारनं वगैरे खाली जात नसेल, तर जायला हरकत नाही. गाडीनं गेलात तर सात-आठ तासांचा रस्ता आहे. दीड-दोन तासांनी उतरवून पाच मिनिटं चालवा आणि बसल्या जागी पाय घोट्यात वरखाली करायला सांगा. एक दिवस आधी पोचा. होमापाशी बसायचं नाही, धूर त्यांच्याकडे येणार नाही अशा बाजूला खुर्ची ठेवा. मातृभोजनानंतर दुपारी तासभर वेगळ्या खोलीत आडवं होऊ द्या. फाइल, गोळ्या आणि ऑक्सिमीटर तुमच्या हातातल्या पिशवीत, डिकीत नाही. यातली एखादी अट जुळली नाही, तर आशीर्वाद व्हिडिओवरून द्या आणि बटूला एप्रिलच्या सुट्टीत इंदूरला बोलवा.